नो कॉस्ट ईएमआय घेताय? आधी रोखीचा भाव विचारा

मागच्या महिन्यात वहिनीसोबत सांगलीच्या विश्रामबागला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो होतो. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, तासगावकडं राहते, घरचा फ्रीज बंद पडला आणि दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, त्यामुळं नवीन घ्यायचाच होता. डबल डोअर एक फ्रीज तिला आवडला, टॅग 36,000 चा. सेल्समन पोरगा चांगला होता, बोलायला गोड, म्हणाला, "ताई, पैशाचं टेन्शनच घेऊ नका, नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला फक्त 6,000, सहा महिने, एक रुपया व्याज नाही." वहिनीनं मनात पाढा म्हटला, सहा सक छत्तीस, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊजी, बरोबर आहे की, व्याज कुठं आहे?"

हिशोब तिचा बरोबरच होता. 6,000 गुणिले 6 म्हणजे 36,000, टॅगवर पण 36,000. पण मी गेली सतरा वर्षं पतसंस्थेत कर्जाचं काम बघतो आणि मला एवढं पक्कं माहीत आहे की कुणी सहा महिने पैसे थांबवतंय आणि त्याचं काहीच घेत नाही असं होत नसतं, कुणीतरी ते भरतंच, फक्त कोण भरतंय ते शोधायचं असतं. म्हणून मी मालकांकडं गेलो आणि हप्त्याचं नावच न काढता विचारलं, "मालक, हा फ्रीज रोख घेतला, पक्क्या बिलासकट, घरपोच, बसवून, तर शेवटचा भाव काय?" त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली आणि म्हणाले, "34,200 ला देतो."

सापडलं व्याज. 36,000 वजा 34,200, म्हणजे 1,800 रुपये. हप्त्याने घेणाऱ्याला मिळायची जी सूट होती तीच कापून त्याचं व्याज केलंय, आणि कागदावर कुठंही व्याज हा शब्द येत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट खरं तर कुणाला नवीन नाही. खताच्या दुकानात जा, औषधाच्या दुकानात जा, रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. द्राक्षाचे पैसे आल्यावर देतो म्हटलं की दुकानदार पोत्यामागं जास्त लावतो, त्याला कुणी व्याज म्हणत नाही, "उधारीचा रेट" म्हणतात, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की ते काय आहे. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बऱ्याचदा हेच, फक्त इथं उधारीचा भाव टॅगवर मोठ्या अक्षरात लावलेला असतो आणि रोखीचा भाव विचारल्याशिवाय कळत नाही. खताच्या दुकानात आपण दोन्ही भाव विचारतो, शोरूममध्ये एसी लावलेला असला की विचारत नाही, एवढाच फरक आहे.

आता पडद्यामागं काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की सगळंच सोपं होतं. वहिनीनं हप्त्याचा फॉर्म भरला असता तर फायनान्स कंपनीनं तिच्या नावावर 36,000 चं कर्ज टाकलं असतं. पण दुकानदाराच्या खात्यात 36,000 जमा झाले नसते. कंपनी आपली टक्केवारी आधीच कापून घेते, दुकानदार लोक तिला डीबीडी म्हणतात, डीलर बाय डाऊन, म्हणजे व्याजाचे पैसे डीलरनं भरून ग्राहकाला व्याज शून्य दाखवायचं. इथं मालकांनी मला सहज सांगितलं की या स्कीमला त्यांना 5 टक्के कापतात. 36,000 चे 5 टक्के म्हणजे 1,800, दुकानदाराच्या हातात 34,200. आता परत बघा, त्यांनी रोखीचा भाव किती सांगितला होता? 34,200. म्हणजे वहिनी रोख देवो नाहीतर हप्त्याने घेवो, दुकानदाराला पैसे तेवढेच मिळणार. तो काही जास्त कमवत नाही, आणि म्हणून मी त्यांना दोष पण देत नाही. फरकाचे 1,800 फायनान्स कंपनीला जातात आणि ते भरते वहिनी. नावाला डीलरनं भरले, खरं तर तिच्या सुटीतून गेले.

कधीकधी हे पैसे खरंच फ्रीज बनवणारी कंपनी भरते, तो प्रकार वेगळा, त्याच्याकडं खाली येतो.

आता 1,800 म्हणजे 36,000 वर 5 टक्के, एवढंच ना, चालतंय की, असं बरेच जण म्हणतात. माझ्याच ऑफिसातले लोक म्हणतात, जे दिवसभर व्याजाचेच आकडे टाईप करतात! इथं दोन चुका होतात. पहिली चूक ही की 5 टक्के हे सहा महिन्यांचे आहेत, वर्षाचे नाहीत. दुसरी जास्त मोठी, की आपल्याकडं 36,000 सहा महिने राहतच नाहीत. पहिल्या महिन्याला 6,000 परत गेले, दुसऱ्याला अजून 6,000, शेवटच्या महिन्यात तर आपल्याकडं त्यांचे फक्त 6,000 च उरलेले असतात. सरासरी काढली तर मूळ कर्जाच्या निम्म्याच्या जरा वर एवढेच पैसे आपण सहा महिने वापरले. निम्मे पैसे, अर्धं वर्ष, आणि व्याज मात्र पूर्ण 1,800, म्हणून दर झटकन वर जातो. पतसंस्थेत याला आम्ही फ्लॅट आणि घटत्या शिल्लकेवरचं व्याज म्हणतो, आणि कर्जदाराला हा फरक समजावताना सगळ्यात जास्त वेळ जातो.

घरी बसून काढता येईल असा एक हिशोब देतो, अंदाजे आहे पण अगदी जवळ येतो. एकूण जास्तीचे किती गेले ते लिहा, त्याला 24 नं गुणा. मग खरं कर्ज किती आणि हप्ते किती ते घ्या, हप्त्यांच्या संख्येत 1 मिळवा आणि कर्जाला त्यानं गुणा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, 100 नं गुणा, वर्षाचा दर आला.

वहिनीच्या फ्रीजला लावून बघू. आधी एक आकडा राहिला होता तो घालतो, कारण स्कीम सांगताना पोरगा हळूच म्हणाला होता की प्रोसेसिंग फी 499 लागेल, टॅक्ससकट, ती काउंटरवरच द्यायची. म्हणजे जास्तीचे 1,800 अधिक 499, एकूण 2,299. खरं कर्ज म्हणजे टॅगचे 36,000 धरायचे नाहीत हं, इथंच सगळे फसतात. रोखीत जो फ्रीज 34,200 ला मिळतोय त्याची किंमत 34,200 च, आणि त्यातले 499 आपण आधीच खिशातून दिले म्हणून खरं कर्ज 33,701. आता 2,299 गुणिले 24 म्हणजे 55,176. हप्ते 6, अधिक 1 म्हणजे 7, 33,701 गुणिले 7 म्हणजे 2,35,907. भागिले तर 0.234, म्हणजे साधारण 23 टक्के वर्षाला.

ज्यांना मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर शीट उघडता येते त्यांनी एका सेलमध्ये हे टाकावं, अगदी बरोबर उत्तर येतं:

```
=RATE(6,-6000,33701)*12
```

पहिला आकडा हप्ते, दुसरा हप्त्याची रक्कम उणे चिन्ह लावून, तिसरा खरं कर्ज. उत्तर 0.23 येतं. म्हणजे "एक रुपया व्याज नाही" म्हटलेलं कर्ज 23 टक्क्यांचं निघालं. आमच्याकडं 14 टक्क्यांनी घटत्या शिल्लकेवर 34,200 सहा महिन्यांना घेतले तर व्याज साधारण 1,400 होतं. आमची फॉर्म फी आणि शेअरचे पैसे वेगळे लागतात, ते मी लपवत नाही, पण 14 टक्के ऐकून "लई व्याज आहे ओ तुमचं" म्हणणारा माणूस समोरच्या रस्त्याला जाऊन 23 टक्क्यांनी टीव्ही घेऊन येतो आणि खूश असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता याच गोष्टीचं अजून एक रूप बघा, ॲडव्हान्स ईएमआय. दुकानात "8/2 ची स्कीम आहे" असं म्हणतात, म्हणजे 8 हप्ते, त्यातले 2 आत्ताच काउंटरवर द्यायचे आणि 6 नंतर. 36,000 भागिले 8, हप्ता 4,500. ऐकायला किती छान, 6,000 चा हप्ता 4,500 वर आला आणि आठ हप्ते मिळाले. पण 2 हप्ते, म्हणजे 9,000, तर त्याच दिवशी गेले. म्हणजे उधारी सहाच महिन्यांची, आणि उधार रक्कम 34,200 वजा 9,000 वजा 499, फक्त 24,701. जास्तीचे मात्र तेच 2,299. वरचाच हिशोब लावा, 55,176 भागिले 24,701 गुणिले 7, जवळपास 32 टक्के येतं, शीटमध्ये 31 च्या जरा वर. कर्ज कमी झालं, कापलेली सूट तेवढीच राहिली, म्हणून दर वाढला. हप्ता छोटा दिसला म्हणून स्वस्त समजू नका, आत्ता किती द्यायचे आणि नंतर किती महिने द्यायचे हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

तर हे ओळखायचं कसं. खरी गोष्ट सांगतो, सगळ्यात जास्त कामाला येतो तो प्रश्नांचा क्रम. आधी हप्त्याबद्दल बोललात की रोखीचा भाव बाहेर यायला अवघड होतं, कारण मग सेल्समनला माहीत असतं की तुम्ही हप्तेवाले, आणि तो सांगतो, "सर दोन्हीला एकच भाव." म्हणून दुकानात शिरल्यावर मॉडेल ठरवा आणि रोखीचा शेवटचा भाव विचारा. त्यात तीन गोष्टी पक्क्या करून घ्या, जीएसटीचं पक्कं बिल, घरपोच पोचवणं आणि बसवून देणं. बिनबिलाचा भाव घेऊन तुलना करायची नाही, त्यात वॉरंटीचा पण घोळ होतो आणि तुलनाच खोटी पडते. मालक आकडा बोलले की त्यांच्याच व्हिजिटिंग कार्डच्या मागं मॉडेल नंबर, बसवण्यासकट भाव आणि तारीख लिहून मागा, मी तसंच केलं, कुणी नाही म्हणत नाही. आणि मग, मगच विचारा की याच 34,200 वर नो कॉस्ट हप्ते करून देता का.

या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर येतं त्यावर सगळं कळतं. "हो, करतो, 5,700 चे सहा हप्ते" असं म्हणाले तर खरंच कुणीतरी दुसरा व्याज भरतोय, घ्या. पण "नाही ओ, स्कीमला टॅगच्याच रेटवर बसतं" किंवा "ऑफर आणि स्कीम एकत्र चालत नाही" किंवा "डिस्काउंट क्लब होत नाही" असं ऐकलं तर समजायचं की ती सूट हेच व्याज आहे. आमच्या मालकांनी पहिलंच उत्तर दिलं, स्कीमला टॅगच्या रेटवर.

कुणी खरंच म्हणालं की दोन्हीला एकच भाव, तरी लगेच मान्य करायचं नाही. त्याच मॉडेलचा भाव दुसऱ्या दोन दुकानांत आणि ऑनलाईन, एकरकमी पैसे भरले तर किती, ते बघायचं. सांगलीत, मिरजेत दुकानं काही कमी नाहीत. दुसरीकडं रोख 34,000 च्या आसपास असेल आणि इथं "एकच भाव" 36,000 असेल तर इथल्या एकच भावात व्याज आधीच घातलेलं आहे, आणि इथं रोख देणारा तर अजून मूर्खात निघतो, कारण तो उधारी न घेता उधारीचा भाव देतोय. मॉडेल नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, एका अक्षरानं स्टार रेटिंग किंवा वर्ष बदलतं.

आता कागदाबद्दल. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं नवीन वैयक्तिक कर्जांना, यात फायनान्स कंपनीचं वस्तूंचं कर्ज पण आलं, केएफएस म्हणजे मुख्य गोष्टींचा एक तक्ता द्यायला लावलाय. त्यात एपीआर असतो, म्हणजे फी वगैरे सगळं धरून वर्षाचा दर किती पडतो तो. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा नियम आहे, त्यामुळं मराठीत मागायला अजिबात लाजू नका. बहुतेक वेळा मोबाईलवर ओटीपी टाकायच्या आधी लिंक येते आणि पोरगा म्हणतो "ताई ओटीपी सांगा", आणि आपण तो न वाचता सांगतो. तिथं थांबा, लिंक उघडा, कर्जाची रक्कम, फी, आणि त्यात विमा किंवा जादा वॉरंटी किंवा कसलं कार्ड घुसवलंय का ते बघा.

पण केएफएसची एक मर्यादा लक्षात ठेवा. तो तक्ता बिलाच्या रकमेवरून बनतो. काउंटरवर तुम्हाला 1,800 ची सूट मिळाली असती आणि ती गेली, हे त्या कागदाला माहीतच नसतं. त्यामुळं तिथं व्याज शून्य दिसलं आणि एपीआर फक्त फीपुरता दिसला तरी खरा दर 23 असू शकतो. म्हणून केएफएसमधली कर्जाची रक्कम आणि व्हिजिटिंग कार्डच्या मागचा रोखीचा भाव हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. ॲडव्हान्स हप्ते दिले असतील तर ते कर्जाच्या रकमेत मिळवून मग बघा. ते जुळले तर ठीक, नाही जुळले तर जो फरक आहे ते तुमचं व्याज.

गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेनं हे सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नाही, आणि वस्तूच्या किमतीवर सूट मिळत असेल तर ती सूट वजा करून उरलेल्या रकमेचं कर्ज द्या, सूट वापरून व्याजाचा दर कमी दाखवू नका. म्हणजे वहिनीच्या भाषेत, फ्रीज 34,200 ला मिळतोय तर कर्ज 34,200 चं आणि त्यावर व्याज काय ते उघड लिहा. त्या वेळी बँकांच्या शून्य टक्के स्कीम बऱ्याच गुंडाळल्या गेल्या, पण तोच प्रकार आता नो कॉस्ट नावानं सगळीकडं आहे.

क्रेडिट कार्डावर ही गोष्ट जरा वेगळी चालते आणि तिथं पोरं जास्त अडकतात, म्हणून एक उदाहरण तेही. समजा ऑनलाईन 24,000 चा मोबाईल आहे, कार्डावर 6 महिने नो कॉस्ट, हप्ता 4,000. बँकेचा दर समजा 16 टक्के. इथं बँक व्याज माफ करतच नाही, पूर्ण लावते. फक्त वस्तू विकणारा सुरुवातीलाच व्याजाएवढी सूट देतो. म्हणजे 24,000 मधून 1,082 ची सूट, बँकेकडं कर्ज 22,918 चं, त्यावर सहा महिन्यांचं व्याज 1,082, बेरीज परत 24,000. दिसायला शून्य.

पण व्याज लावलंय म्हटल्यावर त्यावर 18 टक्के जीएसटी पण लागतो, आणि तो सुटीत धरलेला नसतो, तो आपण भरायचा. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर जीएसटी आहे, साध्या कर्जाच्या व्याजावर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1,082 वर 195 रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी समजा 199, त्यावर जीएसटी धरून 235. एकूण 430 जास्त. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट उघडलं की हे स्पष्ट दिसतं, मुद्दल 3,694, व्याज 306, जीएसटी 55, आणि खाली फी वेगळी. माझ्या भाच्यानं मला फोन करून विचारलं होतं, "मामा, नो कॉस्ट घेतलाय आणि बिलात व्याज कसं काय आलं, बँकेनं फसवलं का?" बँकेनं फसवलं नव्हतं, ते असंच असतं, फक्त खरेदी करताना त्यानं हप्त्याच्या खालची बारीक अक्षरातली तपशील नावाची लिंक उघडली नव्हती. तिथं व्याजाचा दर, व्याजाची रक्कम आणि नो कॉस्टची सूट असं सगळं लिहिलेलं असतं.

हे 430 जाऊ देत, त्याचं एवढं काही नाही, वरचा हिशोब लावला तर 6 टक्क्यांच्या आसपास पडतं, आणि गरज असेल तर हे स्वस्तच म्हणायचं. खरी गोम दुसरीकडं असते. त्याच मोबाईलवर "कार्डाने पूर्ण पैसे भरले तर 1,500 तात्काळ सूट" अशी ऑफर असेल आणि नो कॉस्ट निवडल्यावर ती 1,500 ची ओळ गुपचूप गायब होत असेल, तर मोबाईलचा रोखीचा भाव 22,500 होता आणि आपण 24,430 भरतोय. फरक 1,930. हिशोब लावा, 29 ते 30 टक्के येतो. भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. म्हणून ऑनलाईन घेताना शेवटच्या पानावर दोनदा जायचं, एकदा पूर्ण पैसे भरायचे निवडून शेवटचा आकडा लिहून घ्यायचा आणि मागं येऊन नो कॉस्ट निवडून परत शेवटचा आकडा बघायचा, पैसे भरायचं बटण दाबायच्या आधी. स्क्रीनशॉट काढा दोन्हीचे. कधीकधी उलट पण होतं हं, हप्त्यावरच जास्त सूट ठेवलेली असते, मग बिनधास्त घ्या. आकडे बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

दुकानात कार्ड मशीनवर घासून हप्ते केले तरी हेच. मशीनमधून जी चिठ्ठी निघते तिच्यावर कर्जाची रक्कम, दर, हप्ता छापलेला असतो, सही करायच्या किंवा पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पण येतो, तो वाचायला दोन मिनिटं मागून घ्या. आणि काही ठिकाणी सूट लगेच न देता "नंतर कॅशबॅक येईल" म्हणतात, तिथं कधी येणार आणि कशात येणार हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको, कारण व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू होतं आणि कॅशबॅक राहून गेला तर नो कॉस्टमधलं नो गेलं.

कार्डवाल्या बँकांना 2022 पासून नियम आहे की हप्ते करायच्या आधी मुद्दल किती, व्याज किती आणि ते शून्य करायला सुरुवातीला सूट किती दिली, हे तिन्ही वेगळं दाखवायचं, स्टेटमेंटमध्ये पण वेगळं दाखवायचं, आणि व्याज असलेला हप्ता नो कॉस्ट म्हणून खपवायचा नाही. तुमच्या स्टेटमेंटमध्ये हे तीन आकडे वेगळे दिसत नसतील तर बँकेकडं लेखी विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते, फायनान्स कंपनीची पण, किंवा माहितीसाठी 14448 ला फोन लावा. दुकानदाराबद्दल असेल तर ते रिझर्व्ह बँकेकडं नाही जात, ग्राहक हेल्पलाईन 1915.

आता खरा नो कॉस्ट कसा असतो ते, म्हणजे उगाच प्रत्येक स्कीमला घाबरायला नको. मॉडेल बनवणारी कंपनीच जेव्हा व्याजाचे पैसे भरते, बऱ्याचदा ठरावीक मॉडेलवर, नवीन मॉडेल येणार म्हणून जुनं संपवायचं असतं, किंवा दिवाळी-पाडव्याला, तेव्हा दुकानदाराच्या खिशातून काही जात नाही आणि तो रोखीचा आणि हप्त्याचा भाव एकच देऊ शकतो, म्हणजे घासाघीस करून जो शेवटचा भाव ठरला त्यावरच हप्ते. असं मिळालं की फी किती ते बघून घ्यावं, त्यात गैर काहीच नाही. मी स्वतः मागच्या वर्षी वॉशिंग मशीन असंच घेतलं, तीन दुकानांत रोखीचा भाव विचारून, आणि तोच भाव सहा हप्त्यांत मिळाला.

वहिनीच्या फ्रीजचं काय झालं? तिची भिशी पुढच्या महिन्यात लागणार होती, 20,000 ची, आणि घरात थोडे साठवलेले होते. मालकांना मी विचारलं की तीन आठवडे भाव धरून ठेवता का, 2,000 आगाऊ देतो. ते म्हणाले, "तुमच्यासाठी धरतो की, पण त्या कार्डावरच तारीख घाला." व्हिजिटिंग कार्डच्या मागं 34,200 च्या खाली त्यांनी तारीख आणि 2,000 जमा लिहून सही केली. तोपर्यंत दूध शेजारच्या आक्कांच्या फ्रीजमध्ये ठेवलं. भिशी लागली त्याच दिवशी वहिनी एकटीच जाऊन उरलेले 32,200 भरून आली, मला फोनवर बिलाचा नंबर वाचून दाखवला आणि म्हणाली, "भाऊजी, बसवायचे पैसे मागत होता पोरगा, मी कार्ड दाखवलं, मग गप बसला."